आदेश तपासायचा की कायदा? प्रशासकीय कायदा आणि संविधानाचा कायदा यांतील सीमारेषा

प्रश्न: मी विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. संविधानाच्या तासाला अनुच्छेद १४, २१ आणि २२६ शिकवतात आणि प्रशासकीय कायद्याची टिपणे उघडली की तिथेही तीच अनुच्छेदे दिसतात. "संविधान म्हणजे राज्याची रचना आणि प्रशासकीय कायदा म्हणजे राज्याचे कामकाज" हे वाक्य पाठ आहे, पण समोर एखादे प्रकरण आले तर ते कोणत्या विषयाचे आहे हे मला ओळखता येत नाही. नेमका फरक कसा ओळखायचा?

उत्तर:

तुम्ही पाठ केलेले वाक्य चुकीचे नाही, मात्र प्रकरण हातात आल्यावर त्याचा उपयोग होत नाही, कारण त्यात विषयांचे वर्णन आहे आणि तुम्हाला हवी आहे ती कसोटी. मी बरीच वर्षे उच्च न्यायालयात रिट याचिका चालवतो. माझ्याकडे येणारा पक्षकार नेहमी एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे "सरकारने माझ्यावर अन्याय केला". त्या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात. एक अशी, की कायद्याने अधिकाऱ्याला जो अधिकार दिला तो त्याने कायद्याने सांगितला तसा वापरला नाही. दुसरी अशी, की अधिकाऱ्याने कायद्याचे काटेकोर पालन केले, पण तो कायदाच करण्याचा अधिकार विधिमंडळाला नव्हता. पहिली तक्रार प्रशासकीय कायद्याची आहे आणि दुसरी संविधानाच्या कायद्याची. काही प्रकरणांत या दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात हे मान्य करून त्याबद्दल पुढे सांगतोच, पण आधी मुंबईतली दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहू. दोन्हींत विषय करमणुकीच्या जागांचा आहे, आणि पोलिसांच्या परवान्यांचा कायदाही एकाच घराण्यातला आहे.

पहिले प्रकरण अंधेरीच्या एका चित्रपटगृहाचे. गोरधनदास भानजी यांना तिथे चित्रपटगृह बांधायचे होते. १९४५ मध्ये त्यांनी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे परवानगी मागितली, तेव्हा ती नाकारली गेली. पुढे सरकारने नेमलेल्या एका सल्लागार समितीने अनुकूल मत दिले आणि जुलै १९४७ मध्ये आयुक्तांनी परवानगी दिली. त्याविरुद्ध तक्रारी झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयुक्तांचे पत्र आले, त्याचा आशय असा होता की तुम्हाला दिलेली परवानगी रद्द करण्यात आली आहे हे कळवण्याचे निर्देश मला सरकारने दिले आहेत.

आता त्या वेळचा कायदा पाहा. १९०२ च्या मुंबई शहर पोलीस अधिनियमाखाली नाट्यगृहे आणि करमणुकीच्या जागांचे नियम लागू होते आणि त्यांतील नियम २५० प्रमाणे परवाना रद्द करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना होता. तो अधिकार साधा नव्हता, 'पूर्ण स्वेच्छाधिकार' अशाच शब्दांत दिलेला होता. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी इथे म्हणेल की अधिकार पूर्ण असेल तर वाद कसला? वाद असा, की तो अधिकार आयुक्तांना दिलेला होता, सरकारला नव्हे. पत्राच्या शब्दांवरून निर्णय सरकारचा दिसत होता आणि आयुक्तांनी तो केवळ पोहोचवला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५१ च्या अखेरीस न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी निकाल दिला की हा रद्द करण्याचा आदेश कायद्याच्या दृष्टीने आदेशच नाही, कारण ज्याला अधिकार होता त्याने तो वापरलाच नाही आणि ज्याने वापरला त्याला तो नव्हता.

या निकालातील दोन बारकावे विद्यार्थ्यांच्या हातून हमखास निसटतात. पहिला असा, की जुलैची परवानगीसुद्धा समितीच्या मतावरूनच दिलेली होती, मग ती वैध कशी ठरली? न्यायालयाने सांगितले की आयुक्तांनी सल्ला विचारात घेणे, त्याला वजन देणे, एवढेच नव्हे तर सल्ला नसता तर वेगळा निर्णय घेतला असता हे ठाऊक असूनही प्रामाणिकपणे तो स्वीकारणे, यात काहीही गैर नाही. सल्ला ऐकून स्वतः ठरवणे वेगळे आणि हुकूम आला म्हणून सही करणे वेगळे. ही रेषा कागदावर सोपी वाटते, पण प्रत्यक्षात टिपणी, शेरे, बैठकीचे इतिवृत्त आणि पत्राची भाषा पाहूनच ती ओढावी लागते.

दुसरा बारकावा मला त्याहून मोलाचा वाटतो. न्यायालयात आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन असे मांडले गेले, की निर्णय खरे तर त्यांचा स्वतःचाच होता. न्यायालयाने ते स्पष्टीकरण ऐकले नाही. सार्वजनिक अधिकाऱ्याने काढलेला आदेश लोकांच्या वागण्यावर परिणाम करण्यासाठी असतो, म्हणून त्याचा अर्थ त्यातील शब्दांवरूनच लावायचा, आपल्या मनात काय होते हे अधिकाऱ्याने नंतर सांगून तो बदलता येत नाही. डिसेंबर १९७७ मध्ये मोहिंदर सिंग गिल प्रकरणात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेऊन म्हटले की आदेश काही जुन्या मद्यासारखे नसतात की जितके मुरतील तितके चांगले व्हावेत. आजही सरकारी वकील उत्तरात नवी कारणे घालू लागले की आम्ही हीच दोन प्रकरणे पुढे करतो.

आता या प्रकरणात संविधान कुठे होते? जवळजवळ कुठेच नव्हते, आणि म्हणूनच मी ते निवडले. आदेश सप्टेंबर १९४७ चा, संविधान लागू झाले २६ जानेवारी १९५० रोजी. भानजी यांच्यापाशी मूलभूत हक्क नव्हता आणि अनुच्छेद २२६ ही नव्हते. दाद मागितली गेली ती १८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ४५ खाली, ज्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन उच्च न्यायालयांना सार्वजनिक अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करण्याचा आदेश देता येत असे. म्हणजे संविधानाचे पुस्तक बाजूला ठेवले तरी हे प्रकरण जसेच्या तसे उभे राहते. त्याला लागतो तो एक अधिनियम, त्याखालचा एक नियम, एक आदेश आणि त्या तिघांचा मेळ तपासणारे न्यायालय. प्रशासकीय कायद्याचा गाभा एवढाच आहे. आपल्याकडे 'प्रशासकीय कायदा' या नावाचा एकही अधिनियम नाही. अधिकार कोणाला दिला, कशासाठी दिला, कोणत्या पद्धतीने वापरायचा आणि तो चुकला तर कुठे दाद मागायची, या चार प्रश्नांभोवती न्यायालयांनी निकालागणिक उभे केलेले तत्त्वांचे ते शास्त्र आहे.

आता दुसरे प्रकरण घ्या. १९०२ च्या अधिनियमाची जागा पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने घेतली. २००५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने त्यात कलम ३३अ आणि ३३ब घातली. पहिल्याने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांमधील नृत्यावर बंदी आली, दुसऱ्याने नाट्यगृहे, काही क्लब आणि तीन तारे किंवा त्यावरील दर्जाची हॉटेले त्या बंदीतून वगळली. इथे कोणत्याही अधिकाऱ्याने काही चुकीचे केले नव्हते. परवाने रद्द झाले ते कायद्याने, आणि कायदा रीतसर मंजूर झालेला होता. अंधेरीच्या प्रकरणातील एकही प्रश्न इथे विचारून उपयोग नव्हता.

तक्रार होती ती थेट कायद्याविरुद्ध. तेच नृत्य एका प्रकारच्या जागेत गुन्हा आणि दुसऱ्या प्रकारच्या जागेत मान्य, असा भेद करताना अनुच्छेद १४ मधील समानता टिकते का, आणि नाचणाऱ्या स्त्रियांचा व बारमालकांचा व्यवसायाचा जो हक्क अनुच्छेद १९(१)(छ) ने दिला आहे त्यावरचे हे निर्बंध वाजवी आहेत का, हे ते प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोन्ही कलमे संविधानबाह्य ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. बंदी योग्य होती की नव्हती यावर घराघरांत वाद झाले. आपल्या प्रश्नापुरते एवढेच पाहायचे आहे, की न्यायालयापुढे तपासणीसाठी ठेवलेली वस्तू बदलली होती. अंधेरीला आदेश तपासला गेला, इथे कायदा तपासला गेला.

वस्तू बदलली की तिच्याबरोबर बरेच काही बदलते. अंधेरीच्या प्रकरणात आयुक्तांना नंतर स्पष्टीकरण देता आले नाही, कारण आदेशाचे शब्द हीच त्याची हद्द होती. बंदीच्या प्रकरणात मात्र राज्याने हेतू कोणता, शोषण किती, तक्रारी किती, अशी सामग्री न्यायालयापुढे ठेवली आणि न्यायालयाने ती तपासली, कारण विधिमंडळाने केलेला कायदा वैध आहे असे आधी गृहीत धरले जाते आणि वर्गीकरणाला आधार आहे का हे पाहताना कायद्याच्या मजकुराबाहेरची परिस्थितीही विचारात घेता येते. तो आधार पुरेसा वाटला नाही ही पुढची गोष्ट. मुद्दा असा, की एकाच सरकारी वकिलाला एका प्रकरणात जे मांडता येत नाही ते दुसऱ्या प्रकरणात मांडता येते, आणि हा फरक न ओळखता केलेला युक्तिवाद दोन्ही बाजूंना फसतो.

परिणामही वेगळे होतात. आदेश रद्द झाला तर तो आदेशच जातो, अधिकार जागेवर राहतो. म्हणूनच अंधेरीला चित्रपटगृह असावे की नसावे हे न्यायालयाने ठरवले नाही. ते ठरवण्याचे काम आयुक्तांचे होते, त्यांनी ते स्वतः करायला हवे होते एवढेच न्यायालयाचे म्हणणे. कायदा रद्द झाला तर तो कुणाच्याच विरुद्ध वापरता येत नाही, मग एखादा माणूस न्यायालयात आला असो वा नसो.

यातून मी कनिष्ठ वकिलांना एक कसोटी देतो. समजा, विधिमंडळाला उद्या हा दोष दुरुस्त करायचा आहे. साधी दुरुस्ती करून तो जाईल का? अंधेरीच्या नियमात 'आयुक्त' या शब्दाच्या जागी 'सरकार' हा शब्द असता, तर तेच पत्र या आक्षेपातून सुटले असते. म्हणजे दोष नियमाशी मेळ न बसण्याचा होता, म्हणून तो प्रशासकीय. बंदीच्या प्रकरणात विधिमंडळाने तेच कलम पुन्हा मंजूर केले असते तरी ते टिकले नसते, कारण अडसर विधिमंडळाच्याही वर होता. जिथे साध्या कायद्याने दुरुस्ती होते तिथे बहुधा तुम्ही प्रशासकीय कायद्यात असता, जिथे होत नाही तिथे संविधानात. 'बहुधा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण कसोटी जिथे डगमगते अशा दोन जागा आहेत.

पहिली जागा नियमांची. विधिमंडळ मोठी चौकट आखून तपशील भरण्याचे काम सरकारवर किंवा एखाद्या अधिकाऱ्यावर सोपवते, आणि तो नियम, विनियम, अधिसूचना काढतो. अशा नियमावर दोन वेगवेगळे वार करता येतात. मूळ अधिनियमाने दिली त्याहून जास्त मजल त्या नियमाने मारली, असे म्हटले तर ते प्रशासकीय कायद्यातले अधिकारबाह्यतेचे तत्त्व झाले. नियम अधिनियमाच्या आतच आहे, पण मूलभूत हक्काचा भंग करतो, असे म्हटले तर तो संविधानाचा प्रश्न झाला. याचिकेत आम्ही दोन्ही मांडतो, पण क्रम ठरलेला असतो. आधी अधिनियम, मग संविधान. न्यायालयालाही हाच क्रम आवडतो, कारण लहान आधारावर प्रश्न सुटत असेल तर मोठ्या आधाराला हात घालण्याचे कारण उरत नाही.

दुसरी जागा म्हणजे तुमचा गोंधळ जिथून सुरू झाला ते अनुच्छेद १४ आणि २१. मनेका गांधी प्रकरण तुम्ही संविधानाच्या तासाला वाचले असेल, ते एकदा प्रशासकीय कायद्याच्या चष्म्यातून वाचा. १९७७ मध्ये १९६७ च्या पारपत्र अधिनियमाच्या कलम १०(३)(ग) खाली त्यांचे पारपत्र जमा करण्याचा आदेश निघाला आणि कारण विचारल्यावर 'सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी' ते देता येत नाही असे उत्तर मिळाले. त्या कलमात आधी म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद नव्हती. जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अनुच्छेद २१ मधील कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे, ती मनमानी असून चालणार नाही. हा झाला संविधानाचा भाग. मग ते कलमच रद्द व्हायला हवे होते, पण तसे झाले नाही. कलम गप्प आहे म्हणून ऐकून घेण्याचे कर्तव्य संपत नाही, नैसर्गिक न्यायाचे तत्त्व त्या कलमात अभिप्रेतच आहे, असे न्यायालयाने वाचले. म्हणजे प्रशासकीय कायद्यातल्या जुन्या तत्त्वाने कलम संविधानाच्या कसोटीतून वाचवले. दोन्ही विषयांत तीच अनुच्छेदे का दिसतात याचे उत्तर इथे आहे. न्यायाधीशांनी घडवलेली नैसर्गिक न्यायाची आणि मनमानीविरोधाची तत्त्वे १९५० नंतर हळूहळू अनुच्छेद १४ आणि २१ च्या छत्राखाली आली. छत्र संविधानाचे आहे, त्याखाली रोज चालणारे काम बरेचसे प्रशासकीय कायद्याचे आहे.

अनुच्छेद २२६ चे तर याहून सोपे आहे. तो दरवाजा आहे. त्यातून मूलभूत हक्काची तक्रारही आत येते आणि अधिकाऱ्याने नियम मोडल्याची तक्रारही, कारण त्यात 'इतर कोणत्याही प्रयोजनासाठी' असे शब्द आहेत. अनुच्छेद ३२ चा सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा मात्र मूलभूत हक्कांसाठीच आहे. याचिकेच्या मथळ्यावर २२६ दिसले म्हणून प्रकरण संविधानाच्या कायद्याचे होत नाही.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही हे सांगण्यासाठी माझ्याकडचे एक प्रकरण सांगतो. एका रास्त भाव दुकानदाराचे प्राधिकारपत्र रद्द झाले होते. तो आला तो संतापून. "साहेब, माझा व्यवसायाचा मूलभूत हक्क गेला, थेट उच्च न्यायालयात जाऊ." मी त्याला म्हटले, "हक्काचे नंतर पाहू, आधी आदेश दाखवा." आदेश दीड पानाचा होता. पहिल्या पानावर कारणे दाखवा नोटीस आणि त्याचा खुलासा यांचा उल्लेख होता, पण खुलाशात काय म्हटले आणि ते का मान्य नाही, याबद्दल एक ओळही नव्हती. शेवटच्या परिच्छेदात 'वरिष्ठ कार्यालयाच्या निर्देशानुसार' प्राधिकारपत्र रद्द करण्यात येत आहे असे लिहिले होते. हे तर अंधेरीचेच पत्र, सुमारे सत्तर वर्षांनी नव्या कागदावर उतरलेले.

तरीही आम्ही उच्च न्यायालयात गेलो नाही. त्याला वरच्या प्राधिकाऱ्याकडे अपिलाची तरतूद उपलब्ध होती, आणि असा पर्यायी उपाय असताना थेट रिट याचिका केली तर पहिला प्रश्न "अपील का नाही केले?" हाच येतो. याला अपवाद आहेत. नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकाराचा अभाव, मूलभूत हक्काचा भंग किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान, अशा वेळी न्यायालय पर्यायी उपाय बाजूला ठेवू शकते. तो न्यायालयाचा स्वेच्छाधिकार असतो, पक्षकाराचा हक्क नव्हे. आमच्याकडे अपवादात बसणारा मुद्दा होता, पण मी अपिलाचा मार्ग निवडला. अपिलात धान्याच्या नोंदी, पावत्या, कार्डधारकांचे जबाब हे सारे पुन्हा तपासता येते आणि निर्णय बदलता येतो. उच्च न्यायालय रिटमध्ये सहसा तेवढ्या खोलात जात नाही, निर्णय कसा घेतला हे पाहते, तो बरोबर होता का हे क्वचितच. उलट, त्याची तक्रार अशा सर्व दुकानांना लागू असलेल्या मूळ नियंत्रण आदेशाच्या वैधतेविरुद्ध असती तर अपिलात जाणे फोल होते, कारण ज्या कायद्याने अपील अधिकाऱ्याला खुर्ची दिली तो कायदा संविधानबाह्य आहे असे तो ठरवू शकत नाही. प्रकरण कोणत्या विषयाचे हे ओळखल्यावर दाद कुठे मागायची हे असे आपोआप ठरत जाते.

अपिलात आदेश रद्द झाला. कारणे नाहीत आणि निर्णय स्वतःचा नाही, या दोन मुद्द्यांवर प्रकरण मूळ अधिकाऱ्याकडे फेरनिर्णयासाठी परत गेले. दुकानदाराने पेढे आणले, तेव्हा मी त्याला सांगितले की अधिकार अजून तिथेच आहे. अधिकाऱ्याने पुन्हा सुनावणी घेतली, साठा नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यांतील तफावत पोत्यागणिक नोंदवली, खुलाशातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिले आणि प्राधिकारपत्र पुन्हा रद्द केले. या वेळी आदेशात वरिष्ठांचा उल्लेख कुठेही नव्हता. तो आदेश मी दोनदा वाचला आणि दुकानदाराला म्हटले की याविरुद्ध माझ्याकडे मुद्दा नाही.